वर्षअखेरीचा स्लॅब : कोणते टन धरायचे?

सिमेंटच्या विक्रेत्याला कंपनीकडून सूट तीन वाटांनी मिळते. पहिली बिलातच वजा होऊन येते. दुसरी ठरलेल्या दिवसांत पैसे भरल्यावर मिळते. तिला बाजारात सीडी म्हणतात. तिसरी वर्ष संपल्यावर, एकूण किती माल उचलला हे पाहून दिली जाते. हीच वर्षअखेरीची स्कीम किंवा टीओडी. पहिल्या दोन सुटींबद्दल फारशी कुरबूर होत नाही, कारण त्या त्या-त्या बिलापुरत्या असतात आणि चूक झाली तर आठवडाभरात कळते. तिसऱ्या सुटीचा हिशेब मात्र बारा महिन्यांच्या बिलांवर उभा असतो आणि त्यातली चूक मे-जूनमध्ये, क्रेडिट नोट हातात आल्यावर उघडी पडते. पोत्यामागे जेमतेम काही रुपये सुटणाऱ्या या धंद्यात अनेक दुकानांचा वर्षाचा नफा याच रकमेवर ठरतो. म्हणून तिच्या दाव्याविषयीचे वाद कुठून येतात, त्यावर कोणाचे काय म्हणणे आहे आणि कोणते प्रश्न अजून मोकळे आहेत, याचा हा आढावा. उदाहरण सिमेंटचे घेतले असले तरी रंग, पाइप किंवा कीटकनाशकांच्या विक्रेत्यांना यातले बरेचसे ओळखीचे वाटेल.

पार्श्वभूमी

विक्री झाल्यानंतर दिलेली सूट ही खरी सूट मानायची की नाही, हा प्रश्न जीएसटीच्या आधीपासून चालत आला आहे. विक्रीकराच्या काळात कर खात्याचे म्हणणे साधे होते: सूट बिलावर दिसली तरच ती किमतीतून वजा होईल. कंपन्या म्हणत की किती माल उचलला जाईल हे बिल करताना माहीतच नसते, मग त्यावरची सूट बिलावर दाखवायची कशी? केरळमधल्या आयएफबी इंडस्ट्रीजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये, आणि कर्नाटकातल्या सदर्न मोटर्सच्या प्रकरणात २०१७ मध्ये, नंतर क्रेडिट नोटने दिलेली सूटही वजावटीस पात्र ठरू शकते असे सांगितले. सूट खरोखर दिली गेली आणि ती हिशेबात दिसते, हे दाखवता आले पाहिजे, हा त्यामागचा विचार.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि कायद्याच्या कलम १५ मध्ये हा विचार अटींसह लिहिला गेला. विक्रीनंतरची सूट करपात्र किमतीतून वजा करायची असेल तर ती विक्रीच्या वेळी किंवा त्याआधी झालेल्या करारात ठरलेली असावी, तिचा संबंधित बिलांशी थेट संबंध जोडलेला असावा, आणि घेणाऱ्याने त्या सुटीच्या प्रमाणात इनपुट टॅक्स क्रेडिट परत केलेले असावे. या अटींमुळे स्लॅबच्या पत्राचे वजन वाढले. तोवर विक्री अधिकाऱ्याने तोंडी सांगितलेली किंवा मोबाइलवर निरोप म्हणून आलेली स्कीम चालून जात असे. आता तारीख असलेला, सहीचा कागद ही करासाठीही गरज झाली आणि विक्रेत्याच्या हाती त्यानिमित्ताने प्रथमच भक्कम पुरावा येऊ लागला. माझ्या मते जीएसटीने या व्यवहारात केलेला सर्वांत मोठा बदल हाच आहे.

स्लॅब दोन प्रकारे वाचता येतो

आकड्यांशिवाय हा विषय कळत नाही, म्हणून एक कल्पित पण नेहमीच्या धाटणीचे पत्र घेऊ. वर्ष २०२४-२५. वार्षिक खरेदी १,००० टनांपर्यंत काही नाही. १,००० ते १,५०० टनांना टनामागे १०० रुपये. १,५०० ते २,००० टनांना १६० रुपये. २,००० टन आणि त्यापुढे २४० रुपये. पन्नास किलोची वीस पोती म्हणजे एक टन, तेव्हा हे दर पोत्यामागे ५, ८ आणि १२ रुपये होतात.

आता समजा विक्रेत्याने २,०२० टन उचलले. गाठलेल्या स्लॅबचा दर सगळ्या मालाला लावला तर सूट होते ४,८४,८०० रुपये. तेच प्रत्येक टप्प्याचा दर त्या टप्प्यातल्या मालापुरता लावला, तर मधल्या ५०० टनांचे ५०,०००, पुढच्या ५०० टनांचे ८०,००० आणि वरच्या २० टनांचे ४,८००, असे एकूण १,३४,८०० रुपयेच मिळतात. पत्र तेच, टन तेच. फरक साडेतीन लाखांचा. पत्रात ‘पहिल्या टनापासून’ किंवा ‘त्या टप्प्यातील मालावर’ यांपैकी एक शब्दप्रयोग असेल तर वाद संपतो. अनेक पत्रांत दोन्हीही नसतात, फक्त तक्ता असतो.

कोणती पद्धत योग्य, यावर दोन मते आहेत. पहिल्या टनापासून दर लावणाऱ्या पद्धतीच्या बाजूने कंपन्यांचे विक्री विभाग असतात, आणि मोठे विक्रेतेही. ती समजायला सोपी आहे आणि विक्रेत्याला वर्षभर एकाच कंपनीचा माल लावायला लावते. विरोधकांचे म्हणणे असे की तिच्यामुळे स्लॅबच्या सीमेवर कडा तयार होते. १,९९९ टनांना ३,१९,८४० रुपये आणि २,००० टनांना ४,८०,०००: एका टनासाठी एक लाख साठ हजार. असे असले की मार्चच्या शेवटच्या आठवड्यात माल गरजेपेक्षा जास्त उचलला जातो आणि तो खपवायला दर फोडले जातात. शेजारच्या दुकानाला त्याचा फटका बसतो. गोदामात साठलेल्या सिमेंटची ताकदही हळूहळू उतरते. तीन महिन्यांहून जुने सिमेंट तपासल्याशिवाय बांधकामाला वापरायचे नसते.

हा आक्षेप परदेशांत न्यायालयापर्यंत गेलेला आहे. फ्रान्समध्ये ट्रकच्या टायरवर मिशलिन कंपनी वर्षभराच्या एकूण खरेदीला मागे जाऊन लागू होणारी सूट देत असे. बाजारात वरचष्मा असलेल्या कंपनीने असे करणे म्हणजे विक्रेत्याला बांधून ठेवणे आहे, असा निर्णय युरोपीय आयोगाने २००१ मध्ये दिला आणि २००३ मध्ये तो न्यायालयात टिकला. पुढे इंटेलच्या प्रकरणात मात्र आयोगाचा २००९ सालचा दंड २०२२ मध्ये रद्द झाला आणि २०२४ मध्ये ते रद्द होणे कायम राहिले. सुटीमुळे स्पर्धक प्रत्यक्षात बाहेर ढकलला जाऊ शकतो का, हे तपासल्याशिवाय दोष देता येणार नाही, असा कल त्यातून दिसतो. हे सारे वरचष्मा असलेल्या कंपन्यांपुरते आहे. तालुक्याच्या गावात चार-पाच कंपन्यांचे सिमेंट विकले जाते तिथे ते जसेच्या तसे लागू होत नाही.

वाद गुणाकाराचा नसतो

क्रेडिट नोट हाती आल्यावर विक्रेता पहिल्यांदा दर तपासतो. तो बहुधा बरोबरच असतो. चूक, किंवा मतभेद, टनांत असतो. म्हणून या आढाव्याचा सर्वांत मोठा भाग इथे द्यायला हवा.

वरच्याच उदाहरणात विक्रेत्याच्या खरेदीवहीत २,०४६ टन आहेत आणि कंपनीच्या पत्रकात १,९६२. कंपनीने १६० च्या दराने ३,१३,९२० रुपये देऊ केले आहेत. अंतर ८४ टनांचे. अशा वेळी ‘तुमचा आकडा चुकला’ असे पत्र लिहून काहीच होत नाही, कारण पलीकडूनही तसेच उत्तर येते. कामाची गोष्ट एकच: दोन्हीकडची बिले क्रमांकाने जुळवायची आणि न जुळणारी बाजूला काढायची. तसे केल्यावर ८४ टनांचे चार तुकडे निघतात.

पहिला तुकडा २२ टनांचा. हा माल एका ठेकेदाराच्या साइटवर परस्पर उतरला आणि बिल विक्रेत्याच्या नावे, पण खास प्रोजेक्ट दराने झाले. पत्रात ‘नॉन-ट्रेड विक्री वगळून’ असे लिहिले आहे. इथे कंपनीचे बरोबर. त्या मालावर आधीच कमी दर मिळालेला असतो आणि त्यावर पुन्हा स्कीम द्यायची नाही, ही भूमिका बहुतेक कंपन्यांची असते. विक्रेत्यांची बाजू अशी की उधारी आणि ओळख आमचीच वापरली गेली, तर टन मोजताना तरी तो माल धरा, भले त्यावर दर लावू नका. हा मधला मार्ग मला न्याय्य वाटतो, पण तो पत्रात असेल तरच मागता येतो.

दुसरा तुकडा ४ टनांचा. पावसाळ्यात भिजलेली आणि फुटलेली ८० पोती परत गेली आणि त्यांची क्रेडिट नोट त्याच वेळी आली. विक्रेत्याने पैसे जमा करून घेतले, पण टन खरेदीवहीतून कमी केले नाहीत. हेही कंपनीचे बरोबर.

तिसरा तुकडा ३० टनांचा. याच फर्मचे दुसरे गोदाम बाजारपेठेच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि कंपनीच्या संगणकात त्याला वेगळा ग्राहक कोड मिळाला आहे. पत्रक कोडनुसार निघते, त्यामुळे हा माल कुठेच मोजला गेला नाही. पत्र मात्र फर्मच्या नावे आहे, कोडच्या नाही, आणि दोन्ही गोदामांचा जीएसटी क्रमांक एकच. इथे विक्रेत्याचे म्हणणे टिकते. अनुभवी हिशेबनीस सांगतात की हरवलेल्या टनांचा शोध इथूनच सुरू करावा.

चौथा तुकडा २८ टनांचा, एका ट्रकचा, आणि सगळे याच्यावर अडकले आहे. बिलाची तारीख ३१ मार्च. ट्रक १ एप्रिलला डेपोतून निघाला आणि २ तारखेला दुकानासमोर लागला. कंपनीच्या पत्रकाने निघण्याची तारीख धरली आणि माल पुढच्या वर्षात टाकला. पत्रात शब्द आहेत ‘वर्षभरात बिल झालेला माल’. ई-इनव्हॉइसवरचा आयआरएन ३१ मार्चलाच तयार झाल्याचे त्यावरच्या पावती-तारखेवरून दिसते. जीएसटीआर-२बी मध्येही हे बिल त्याच तारखेने आहे. ई-वे बिलात ट्रकचा क्रमांक १ एप्रिलला भरला गेला, एवढाच कंपनीच्या बाजूचा पुरावा. पत्राचे शब्द स्पष्ट असल्यामुळे हे टन विक्रेत्याच्या बाजूला येतात.

आता बेरीज. कंपनीच्या १,९६२ मध्ये ३० आणि २८ मिळवले की २,०२० होतात. विक्रेत्याच्या २,०४६ मधून २२ आणि ४ काढले तरी तेवढेच उरतात. दोन्ही बाजूंनी एकच आकडा येणे ही जुळवणी पूर्ण झाल्याची खूण. तो येत नसेल तर एखादे बिल अजून सापडायचे आहे. सूट ४,८४,८०० रुपये. तो ट्रक धरला नसता तर टन १,९९२ राहिले असते आणि सूट ३,१८,७२० रुपये. म्हणजे एका ट्रकच्या तारखेवर १,६६,०८० रुपये अवलंबून होते.

दाव्याच्या पत्रात हेच मांडायचे असते, आणि याच क्रमाने. आधी पत्राचा क्रमांक, तारीख आणि ज्या कलमावर दावा उभा आहे ते कलम. मग कंपनीचा आकडा, त्यात मिळवायची बिले क्रमांक व तारखेसह, आणि मान्य केलेल्या वजावटी. शेवटी टन, स्लॅब, दर आणि रक्कम. सोबत प्रत्येक वादग्रस्त बिलाची प्रत. स्वतःच्या बाजूच्या २६ टनांची चूक आपणहून मान्य केली की उरलेल्या ५८ टनांकडे कंपनीचा लेखा विभाग गंभीरपणे पाहतो. विक्री अधिकारी मित्र असला तरी क्रेडिट नोट मंजूर करणारा माणूस प्रादेशिक कार्यालयात बसलेला असतो आणि त्याच्यासमोर फक्त कागद असतात.

हे सगळे वर्ष संपल्यावर करण्यापेक्षा तिमाहीला कंपनीचे टनांचे पत्रक मागवून जुळवणे कितीतरी सोपे. पैशांच्या खातेउताऱ्यात टन नसतात, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येते. शिल्लक जुळली म्हणजे टन जुळले असे होत नाही. सहीने दिलेल्या ‘बॅलन्स कन्फर्मेशन’चा पुढे कंपनी आपल्या बाजूने उपयोग करू शकते, म्हणून त्यावर ‘वार्षिक स्कीमची रक्कम यात धरलेली नाही’ एवढी ओळ लिहिलेली असावी.

क्रेडिट नोट कोणती?

रक्कम ठरल्यावर ती कोणत्या कागदाने येते, यावर विक्रेत्याच्या हातात प्रत्यक्ष किती उरते हे अवलंबून असते. मार्ग दोन. जीएसटीसह क्रेडिट नोट दिली तर कंपनी आपला कर कमी करते आणि विक्रेता तेवढे क्रेडिट परत करतो. आर्थिक म्हणजे बिगर-जीएसटी क्रेडिट नोट दिली तर कराला कोणीच हात लावत नाही. कलम १५ च्या अटी पूर्ण होत नसल्या तरी दुसरा मार्ग खुला आहे, हे ७ मार्च २०१९ च्या परिपत्रकाने सांगितले.

वादाची जागा पत्रातल्या एका मोकळ्या जागेत असते: टनामागे २४० रुपये हे करासह की कराशिवाय? २०२४-२५ मध्ये सिमेंटवर २८ टक्के जीएसटी होता. ४,८४,८०० रुपयांची बिगर-जीएसटी नोट आली तर विक्रेत्याला तेवढे पूर्ण मिळतात. तीच रक्कम करासह धरून जीएसटीची नोट काढली तर मूळ सूट ३,७८,७५० रुपये आणि कर १,०६,०५० रुपये. हा कर विक्रेत्याला क्रेडिटमधून परत करावा लागतो, म्हणजे त्याची खरी सूट तेवढ्याने घटते. नोटेवरचा एकूण आकडा दोन्हीकडे सारखाच दिसत असल्यामुळे हे पटकन ध्यानात येत नाही.

खात्याची भूमिका गेल्या काही वर्षांत बरीच हलली आहे. जून २०१९ च्या एका परिपत्रकात काही सुटींना विक्रेत्याने कंपनीला दिलेल्या सेवेचा मोबदला मानण्याची वाट होती. चार महिन्यांच्या आतच ते मागे घेतले गेले. जून २०२४ मध्ये असे ठरले की क्रेडिट परत केल्याचा पुरावा म्हणून सीए किंवा कॉस्ट अकाउंटंटचा दाखला चालेल, आणि वर्षभरातला कर पाच लाखांपर्यंत असेल तर घेणाऱ्याचे हमीपत्रही. १२ सप्टेंबर २०२५ च्या परिपत्रकाने सांगितले की बिगर-जीएसटी नोटेवर विक्रेत्याने क्रेडिट परत करायचे नाही, आणि कंपनीशी वेगळा करार करून जाहिरातीसारखी ठरावीक सेवा दिल्याशिवाय सूट हा मोबदला ठरत नाही. त्याच महिन्यात जीएसटी कौन्सिलने आधीच्या कराराची आणि बिलाशी जोडण्याची अटच कलम १५ मधून काढावी, अशी शिफारस केली.

या शिफारशीचे स्वागत झाले, पण विक्रेत्यांच्या बाजूने एक शंका उरते आणि ती मला रास्त वाटते. करासाठी आधीचे पत्र लागत होते म्हणून कंपन्या ते वेळेवर देत होत्या. ती गरज संपली की स्लॅब पुन्हा तोंडी होतील का? दुसरीकडे बिलाशी जोडणी सोडून देणेही तितके सोपे नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटचा दर १८ टक्के झाला. त्यामुळे २०२५-२६ या वर्षाच्या सुटीत काही टन २८ टक्क्यांचे आणि काही १८ टक्क्यांचे आहेत, आणि करासह नोट काढायची तर प्रत्येक भागाला मूळ बिलाचाच दर लागतो. शिवाय अशी नोट पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, यांतले जे आधी येईल तोवरच काढता येते. टनांचा वाद त्यापुढे रेंगाळला तर बिगर-जीएसटी नोटेचा मार्ग एकच उरतो.

सूट रोख न देता सोन्याचे नाणे किंवा परदेश सहल म्हणून दिली तर गोष्ट बदलते. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या कलम १९४आर खाली वर्षाला वीस हजारांवरच्या अशा लाभांवर दहा टक्के टीडीएस आहे. पैशांतली सूट त्याबाहेर ठेवली गेली आहे.

उत्पन्न कोणत्या वर्षाचे

मार्चअखेर स्लॅब गाठला, नोट जूनमध्ये आली, तर नफा कोणत्या वर्षाचा? सूट पत्राने निश्चित झाली असेल आणि टनांवर वाद नसेल, तर ती गेल्या वर्षाच्या खरेदीतून कमी करावी, असा हिशेबशास्त्राचा कल आहे. मग शिल्लक मालाची किंमतही त्याच प्रमाणात उतरते. २,०२० पैकी ६० टन गोदामात असतील तर त्यांचे १४,४०० रुपये नफ्यात येत नाहीत. सावध हिशेबनीस नोट येईपर्यंत काहीच धरत नाहीत. वरच्या उदाहरणात मध्यम मार्ग असा: कंपनीने मान्य केलेले ३,१३,९२० धरावेत, बाकीचे वाद मिटल्यावर.

मोकळे राहिलेले प्रश्न

पैसे भरण्याची अट हा त्यांतला सर्वांत मोठा. बहुतेक पत्रांत ‘थकबाकी नसल्यास’ असे शब्द असतात. डिसेंबरमध्ये एक चेक परत आला आणि आठवड्यात पैसे भरले गेले, तर संपूर्ण वर्षाची सूट जाते, त्या महिन्याचे टन जातात, की फक्त व्याज द्यायचे? कंपन्या म्हणतात की शिस्त सगळ्यांना सारखी नसेल तर अटीला अर्थ नाही. विक्रेते म्हणतात की व्याज घेतले म्हणजे उशिराची भरपाई झाली. पुन्हा सूट काढणे ही दुहेरी शिक्षा. पत्रांची भाषा यावर क्वचितच स्पष्ट असते.

दुसरा प्रश्न तुटवड्याचा. विक्रेत्याने मार्चमध्ये पैसे भरून मागणी नोंदवली, पण कंपनीने डेपोत माल नाही म्हणून बिल एप्रिलमध्ये केले. बिलाच्या तारखेचा नियम इथे विक्रेत्याच्या विरुद्ध जातो आणि चूक त्याची नसते. काही ठिकाणी ३१ मार्चपूर्वी पूर्ण पैसे भरलेल्या मागणीचे टन धरण्याची सवलत पत्रातच लिहून घेतली जाते. तसे नसेल तर मागणीची लेखी नोंद आणि बँकेतून पैसे गेल्याची तारीख जोडून विनंती करता येते. हक्क म्हणून ते मागता येईल का, यावर एकमत नाही.

तिसरा प्रश्न, स्लॅबला थोडे टन कमी पडत असताना शेजारच्या विक्रेत्याचा माल आपल्या नावे बिल करून घेण्याचा. कंपन्यांचे अधिकारी स्वतःचे लक्ष्य पुरे करण्यासाठी याकडे डोळेझाक करतात आणि पुढे हिशेब तपासनीस त्याच बिलांवर बोट ठेवून सूट नाकारतो. माल एका गोदामात, बिल दुसऱ्याच्या नावे आणि ई-वे बिलावर तिसरा पत्ता अशी स्थिती करातही अडचणीची ठरते. अशा टनांना कंपनीने संमती दिली होती हे विक्रेत्याने सिद्ध करायचे, की दिली नव्हती हे कंपनीने, याचे उत्तर अजून तरी पत्रागणिक वेगळे आहे.